आकडी आणि आकडा: गरोदरपणातल्या एका आजाराचा इतिहास

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं ते तत्त्वज्ञानामुळे. त्यामुळे व्याख्यान संपल्यावर कुणी मला नाडी दाखवू नये. मी आज बोलणार आहे तो इतिहास आहे, आणि त्या इतिहासातला प्रश्न मात्र माझ्या विषयातला आहे. एखादी गोष्ट 'खूण' केव्हा ठरते? डोकं दुखणं, पाय सुजणं, ही नुसती दुखणी असतात. ती कशाची तरी खूण आहेत हे माणसाला कळतं कसं, आणि किती उशिरा कळतं?

आजार आहे प्रीएक्लॅम्प्सिया. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर, बहुतेक वेळा शेवटच्या तीन महिन्यांत, आधी ज्या बाईचं बीपी ठीक होतं तिचं बीपी चढतं. त्याबरोबर लघवीतून प्रथिनं जायला लागतात, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट, मेंदू यांच्यावर ताण येतो. वेळीच लक्ष गेलं नाही तर बाईला आकडी येऊ शकते. आकडी म्हणजे फीट, झटके. आकडी आली की त्याच आजाराला एक्लॅम्प्सिया म्हणतात. नावातला 'प्री' म्हणजे 'आधीचा'. हा 'आधी' सापडायला माणसाला फार वेळ लागला, आणि आजचं माझं सगळं बोलणं त्या 'आधी'बद्दलच आहे.

आकडी हाच आजार होता, तेव्हा

'एक्लॅम्प्सिया' हा शब्द ग्रीक मुळाचा आहे. त्याचा अर्थ अचानक चमकणं, वीज लखकन चमकावी तसं. नावातच समज दडलेली आहे. हा आजार आकाशातून पडल्यासारखा येतो, त्याला मागचापुढचा काही धागा नाही, अशी ती समज. सतराव्या शतकात पॅरिसच्या फ्रान्स्वा मोरिसो या प्रसूतितज्ज्ञाने एक महत्त्वाची गोष्ट टिपली होती. अशी आकडी पहिलटकरणींना जास्त येते. हे निरीक्षण आजही खरं आहे. पुढे १७३९ मध्ये बोआसिए द सोव्हाज या फ्रेंच वैद्याने या आकडीला अपस्मारापासून, म्हणजे मिरगीपासून, वेगळं केलं. मिरगी वर्षानुवर्षं सोबत राहते, ही आकडी एका प्रसंगापुरती येते, असा तो भेद.

पण आजार कशाला म्हणायचं, तर आकडीला. त्यामुळे उपचार सुरू व्हायचा तोही आकडी आल्यावर, आणि उपचार बहुधा असायचा शीर कापून रक्त काढण्याचा. या वैद्यांना मूर्ख ठरवण्याची घाई करू नका. त्यांना आकडी दिसत होती आणि आकडीच्या आधीचं काही दिसत नव्हतं. आपल्याकडेही बाळंतिणीला झटके आले की 'बाहेरची बाधा' म्हणायचे, ते याच कारणाने. मागचा धागा दिसला नाही की माणूस तो बाहेर शोधतो.

तापवलेली लघवी

धाग्याचं पहिलं टोक हाती आलं १८४३ मध्ये, लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये. याच इस्पितळात काही वर्षांपूर्वी रिचर्ड ब्राइट यांनी दाखवलं होतं की अंगावर सूज असलेल्या काही रुग्णांची लघवी तापवली तर ती गोठते, पांढुरकी होते. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा बलक सोडल्यावर होतो तसं काहीसं. कारण तेच. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन उतरलेलं असतं. निरोगी मूत्रपिंड ते जाऊ देत नाही.

त्याच इस्पितळातले जॉन लिव्हर प्रसूतीचं काम बघत. आकडी आलेल्या, अंगावर सूज असलेल्या बायका त्यांना ब्राइट यांच्या रुग्णांसारख्या दिसल्या. त्यांनी आकडी आलेल्या बायकांची लघवी तपासायला सुरुवात केली. एक सोडून सगळ्यांच्या लघवीत अल्ब्युमिन निघालं. आणि ती जी एक होती, तिला मेंदूच्या आवरणाचा दाह होता, म्हणजे तिची आकडी मुळात वेगळ्याच कारणाची.

इथे सामान्य माणूस थांबला असता. लिव्हर थांबले नाहीत. त्यांच्यापुढे प्रश्न होता की हे अल्ब्युमिन आकडीच्या बायकांतच आहे, की प्रत्येक बाळंत होणाऱ्या बाईत असतं? म्हणून त्यांनी प्रसूतीच्या कळा चालू असलेल्या, आकडी न आलेल्या पन्नासहून अधिक बायकांची लघवी तपासली. ती नळीने काढून घेतली होती, त्यामुळे बाहेरचं काही मिसळण्याचा संशय कमी. कुणाच्याही लघवीत अल्ब्युमिन सापडलं नाही. अपवाद काही थोड्या बायकांचा, आणि त्या बायकांमध्ये आकडीपूर्वी दिसणारी लक्षणं आधीच हजर होती.

मंडळी, तो अपवाद नीट बघा. आकडी आली नाही, पण अल्ब्युमिन आहे आणि त्रासही आहे. म्हणजे आकडीच्या आधी एक अवस्था आहे आणि ती बाटलीत दिसते. आकडी ही सुरुवात नव्हती, शेवट होता. आणखी एक गोष्ट लिव्हर यांच्या ध्यानात आली. बाळंतपणानंतर हे अल्ब्युमिन ओसरत जातं. ब्राइट यांच्या जुनाट रुग्णांत तसं होत नसे. म्हणजे या आजाराची दोरी गरोदरपणाशीच बांधलेली आहे. आज आपल्याला माहीत आहे की तिची गाठ वारेत असते. गरोदरपणाच्या सुरुवातीला वारेकडे जाणाऱ्या आईच्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद व्हायला हव्यात. त्या झाल्या नाहीत तर पुढे वारेतून असे पदार्थ आईच्या रक्तात उतरतात, जे तिच्या साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. म्हणून बीपी चढतं, म्हणून सूज, म्हणून मूत्रपिंड गळतं. आणि म्हणूनच वार बाहेर पडेपर्यंत आजार पूर्ण जात नाही.

डब्लिनची यादी, आणि आपलं 'पित्त'

त्याच १८४३ साली डब्लिनमध्ये रॉबर्ट जॉन्स यांनी आकडीपूर्वीच्या तक्रारींची नोंद प्रसिद्ध केली. डोकेदुखी, काही काळ नजर जाणं, पोटात वरच्या बाजूला तीव्र दुखणं, आणि हात, दंड, मान व चेहरा यांच्यावर सूज. पावणेदोनशेहून अधिक वर्षं झाली. आजच्या दवाखान्यातल्या भिंतीवरचा तक्ता वाचा, यादी जवळपास हीच आहे.

एकेक घेऊ. डोकेदुखी गरोदरपणात अनेकींना होते. धोक्याची डोकेदुखी म्हणजे जोरात ठणकणारी, झोपून, पाणी पिऊन, नेहमीची साधी गोळी घेऊनही न थांबणारी. त्याबरोबर डोळ्यांपुढे काजवे चमकणं, धुरकट दिसणं, एकाचे दोन दिसणं असेल तर वाट बघायची नाही. पोटातलं दुखणं बेंबीच्या वर, उजव्या बरगडीखाली येतं, कारण तिथे यकृत आहे आणि त्याच्यावर ताण आलेला असतो. सोबत मळमळ, उलटी.

आता मला सांगा, आठव्या महिन्यातली सून सकाळी म्हणाली, 'आई, डोकं फार दुखतंय, उलटी झाली आणि छातीखाली जळजळतंय', तर आपल्या घरात तिला काय उत्तर मिळतं? 'पित्त झालंय गं, काल वांगं खाल्लंस ना.' डोकेदुखी, उलटी, पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं, या तिन्ही खुणा आपल्या भाषेत एका शब्दात मावतात. तो शब्द इतका सोयीचा आहे की पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही. पित्त नसतं असं मी म्हणत नाही. गरोदरपणात जळजळ पुष्कळ होते. पण घरात बसून पित्त आणि हा आजार यांत फरक करता येत नाही. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजलं की करता येतो. म्हणून विसाव्या आठवड्यानंतर या तीन तक्रारी एकत्र आल्या, किंवा डोकेदुखी एकटीच पण हटेना अशी आली, तर 'पित्त' हा शब्द बीपी मोजल्यानंतर उच्चारायचा, आधी नाही.

सुजेचंही तसंच. दिवस भरत आले की पाय सुजतात, हे प्रत्येक आजीला माहीत आहे आणि ते खरं आहे. संध्याकाळी पाय भरून येतात, रात्री पाय वर ठेवून झोपलं की सकाळी उतरतात. ही सूज वेगळी. धोक्याची सूज अचानक येते. सकाळी उठल्यावर चेहरा फुगलेला, पापण्या जड, हाताची बोटं ताठ. परवापर्यंत सैल असलेली अंगठी निघत नाही, बांगड्या मनगटात रुततात. एका आठवड्यात वजन एक किलोहून जास्त वाढतं. हे खाऊन वाढलेलं वजन नसतं, अंगात साठलेलं पाणी असतं.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. सूज हा आज या आजाराच्या निदानाचा निकष राहिलेला नाही. निरोगी बायकांनाही सूज येते आणि आजारी बाईला ती नसूही शकते. सूज आली तर बीपी मोजायचं, पण सूज नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

जो चढतो पण बोलत नाही

इथपर्यंतच्या सगळ्या खुणा बाईला जाणवतात किंवा घरच्यांना दिसतात. चौथी खूण मुकी आहे. ती ऐकायला यंत्र लागलं.

१८९६ मध्ये इटलीत सिपिओने रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला बांधायच्या हवेच्या पट्ट्याचं आणि पाऱ्याच्या नळीचं यंत्र मांडलं. पट्टा फुगवायचा, मनगटावरची नाडी थांबते तो आकडा बघायचा. पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, फ्रान्समध्ये वाकेझ आणि नोबेकूर यांनी आकडीच्या रुग्णांत रक्तदाब वाढलेला असतो हे दाखवलं. १९०५ मध्ये रशियात निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखालच्या शिरेवर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकायची रीत सांगितली. आवाज सुरू होतो तो वरचा आकडा, बंद होतो तो खालचा. आज आपण जे '१२० बाय ८०' म्हणतो, ते तिथून आलं.

आता आपल्या भाषेतली एक गंमत बघा. 'आकडी' आणि 'आकडा'. हजारो वर्षं माणसाकडे फक्त आकडी होती. १८९७ नंतर आकडा आला. आणि आकडा आकडीच्या कित्येक आठवडे आधी येतो.

आकडा चढला तरी बाईला काहीच वाटत नाही, हे मात्र समजून घ्यायला जड जातं. १४०/९० ला बहुतेक बायका म्हणतात, 'मला काही होत नाहीये.' त्या खोटं बोलत नसतात. डोकं ठणकायला लागतं तेव्हा पुष्कळदा आकडा फार वर गेलेला असतो, आणि हातात वेळ उरतो तो तासांचा. म्हणजे जाणवणारी खूण उशिराची आहे आणि लवकरची खूण जाणवत नाही. 'त्रास झाला तर दाखवायला जाऊ' हा शहाणपणाचा वाटणारा नियम या आजारात म्हणूनच चालत नाही.

तब्येत बरी असताना दवाखान्यात जाणं

यंत्र आलं, पण ते बाईपर्यंत पोचायला आणखी एक कल्पना लागली. ती कल्पना एडिनबराच्या जॉन विल्यम बॅलंटाइन यांनी लावून धरली. बाई बाळंतपणालाच इस्पितळात येते, त्याच्या आधीच्या नऊ महिन्यांकडे कुणी बघत नाही, अशी त्यांची तक्रार होती. १९०१ मध्ये त्यांनी गरोदर बायकांसाठी वेगळं रुग्णालय हवं अशी मागणी केली. सुरुवातीला त्यांना मिळाली एक खाट. बाह्यरुग्ण तपासणी तिथे सुरू व्हायला १९१५ साल उजाडलं. निरोगी बाईने, काही होत नसताना, दवाखान्यात यायचं, ही त्या काळी विचित्रच गोष्ट होती.

१९२९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याने तपासण्यांचं वेळापत्रक दिलं. पहिली तपासणी सोळाव्या आठवड्यात, मग चोविसाव्या, अठ्ठाविसाव्या, तिथून छत्तिसाव्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे दर आठवड्याला. दोन तपासण्यांतलं अंतर कसं कमी होत जातं बघा. शेवटच्या तिमाहीत हा आजार दिवसांच्या हिशेबात वाढू शकतो, म्हणून तिथे दाट पहारा.

यावर शंका घेणारेही आले, आणि ते चांगलंच झालं. इतक्या तपासण्या खरोखर लागतात का? मोठे प्रयोग झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेने गरीब देशांसाठी चार तपासण्यांचा आराखडा सुचवला. पुढे त्याच आकडेवारीकडे पुन्हा बघितल्यावर दिसलं की कमी भेटींच्या गटात बाळं दगावण्याचं प्रमाण वाढलेलं आहे. २०१६ मध्ये संघटनेने चारावरून आठ भेटी केल्या. त्यातल्या पाच तिसाव्या आठवड्यापासून पुढे आहेत. आपल्याकडे किमान चार तपासण्या ठरवलेल्या आहेत. पहिली बारा आठवड्यांच्या आत, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. 'किमान' हा शब्द नीट ऐका. किमान म्हणजे पुरेसं असं नव्हे.

एका कार्डाची गोष्ट

आता एक उदाहरण सोडवू. बाई कल्पित आहे, आकडे मी मांडलेले आहेत, पण प्रसूतितज्ज्ञ मंडळी ते ओळखतील.

तेवीस वर्षांची पहिलटकरीण. दहाव्या आठवड्यात नाव नोंदवलं, बीपी १०४/६४. विसाव्या आठवड्यात ९८/६०. गरोदरपणाच्या मध्यावर बीपी थोडं उतरतं, ते स्वाभाविक आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात १०८/६८. बत्तिसाव्यात १२२/८०, लघवी साफ. चौतिसाव्यात १३४/८६, लघवीच्या पट्टीवर प्रथिनाची पुसटशी खूण, पंधरा दिवसांत वजन अडीच किलोने वाढलेलं. विचारल्यावर म्हणाली, 'अंगठी काढून ठेवलीय, घट्ट होते.' त्रास? काही नाही.

यातला कुठलाही आकडा १४०/९० च्या वर नाही. चौतिसाव्या आठवड्यात ही बाई पहिल्यांदाच आली असती तर १३४/८६ बघून कुणीही 'ठीक आहे' म्हटलं असतं. पण नर्सताईंसमोर कार्ड आहे, आणि कार्डावर रांग आहे. ९८/६० वरून १३४/८६. एकट्या आकड्याला अर्थ नव्हता, रांगेमुळे त्याला अर्थ आला. पूर्वी एवढ्या चढालाच आजार म्हणत. आता म्हणत नाहीत, कारण असा चढ झालेल्या अनेक बायका सुखरूप बाळंत होतात. म्हणून नर्सताई निदान करत नाहीत. त्या एवढंच करतात, की पंधरा दिवसांनी ये म्हणायच्या ऐवजी तीन दिवसांनी ये म्हणतात, आणि मधे डोकं दुखलं, काजवे दिसले तर रात्री असली तरी निघायचं, असं नवऱ्यालाही बजावतात.

तीन दिवसांनी १४४/९२. चार तासांनी पुन्हा १४६/९४. पट्टीवर प्रथिन दोन अधिक. आता निदान झालं. तालुक्याला पाठवलं, रक्ततपासणीत प्लेटलेट आणि यकृत ठीक, सोनोग्राफीत बाळ थोडं लहान. बीपीची गोळी सुरू, देखरेख सुरू. गोळीने आकडा आटोक्यात राहतो, आजार वारेबरोबर चालूच असतो, म्हणून तपासण्या थांबत नाहीत. छत्तिसावा आठवडा लागला आणि पहाटे डोकं ठणकायला लागलं. मोजलं तर १६४/११२. १६०/११० ओलांडलं की ती तातडी असते. बीपी उतरवणारं औषध, मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन आणि प्रसूती. बाळ २ किलो १०० ग्रॅम, रडलं, प्यायलं.

हे मॅग्नेशियम सल्फेट साधं, स्वस्त मीठ आहे. २००२ मध्ये ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार बायकांवरच्या प्रयोगाने दाखवलं की ते दिल्याने आकडीचा धोका निम्म्याहून कमी होतो. पण इंजेक्शन द्यायला बाई आकडीच्या आधी इस्पितळात असावी लागते. आपल्या गोष्टीतली बाई तिथे होती, कारण चौतिसाव्या आठवड्यात कुणीतरी मागचे रकाने वाचले होते.

रांग कुठे तुटते

आपल्याकडे ही रांग तुटण्याची एक ठरलेली जागा आहे, आणि ती फार मायेची आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, आणि पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. हा आजार पहिलटकरणींना जास्त, आणि येतो सातव्या महिन्यानंतर. नेमक्या त्याच वेळी बाई एका दवाखान्यातून उठून दुसऱ्या गावाला जाते. पुष्कळदा कार्ड सासरी कपाटात राहतं. माहेरच्या दवाखान्यात ती नवीन रुग्ण असते, आणि तिचं १३४/८६ तिथे एकटं पडतं. बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं तर आणखी कठीण. त्यांना कार्ड असलं तरी फडावर बीपी मोजणारं कोण? माहेरी जाऊ नका असं मी म्हणणार नाही. ओटी भरताना कार्ड आणि रिपोर्ट पिशवीत घाला, आणि पोचल्याच्या आठवड्यात माहेरच्या दवाखान्यात नाव घाला, एवढंच.

रांग आणखी एका प्रकारे तुटते, न मोजता लिहिल्याने. कार्डावर सगळ्या रकान्यांत १२०/८० असेल तर शंका घ्या. कुठल्याही जिवंत माणसाचं बीपी सहा महिने एकाच आकड्यावर उभं राहत नाही. मोजताना बाईला पाचेक मिनिटं टेकून शांत बसू द्यायचं, पाय जमिनीला टेकलेले, दंड काळजाच्या उंचीला, पट्टा दंडाच्या जाडीला पुरेसा. पट्टा तोकडा असेल तर आकडा उगाच जास्त येतो. आणि मोजून झाल्यावर बाईने विचारावं, 'किती आलं?' तो तिचा आकडा आहे.

तपासणीच्या मर्यादाही सांगतो. काही बायकांना फारशी पूर्वसूचना न मिळताच आकडी येते. लघवीत प्रथिन नसूनही आजार असू शकतो. म्हणून २०१३ पासून प्रथिन असलंच पाहिजे ही अटही निदानातून सैल झाली. आणि बाळंतपण झालं की संपलं, असं नाही. आकडी बाळंत झाल्यावरही येऊ शकते, विशेषतः पहिल्या काही दिवसांत. घरी परतलेल्या बाळंतिणीचं डोकं ठणकायला लागलं तर 'जागरणामुळे' म्हणून सोडायचं नाही. पहिल्या आठवड्यात बीपी मोजायचं आणि सहा आठवड्यांनी पुन्हा.

श्रोत्यांतून आलेला एक प्रश्न

प्रश्न: सर, आमच्याकडे बीपी चढू नये म्हणून गरोदर सुनेचं मीठ बंद करतात. ते बरोबर आहे का?

उत्तर: मीठ तोडल्याने हा आजार टळतो असं दिसलेलं नाही. कारण ऐकलंत ना, गाठ वारेत आहे, भाजीत नाही. जिला आधीच्या बाळंतपणात हा त्रास झाला, जिचं बीपी आधीपासून जास्त आहे, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, किंवा पोटात जुळं आहे, तिने पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना विचारावं. अशा काहीजणींना ते कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन देतात, आणि ते सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झालं तर उपयोग जास्त. आहारात कॅल्शियम कमी असेल तर त्याच्या गोळ्यांचाही उपयोग होतो, आणि त्या आपल्याकडे सरकारी केंद्रात मिळतात. पण हे सगळं डॉक्टरांनी ठरवायचं, शेजारणीच्या चिठ्ठीवरून नाही. मीठ तोडून सुनेचं जेवण अळणी होईल एवढंच. त्यापेक्षा पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि जाताना तिचं जुनं कार्ड सोबत न्या.

वेळ झाली. थांबतो.